अनुमापनाच्या तक्त्याचा फोटो: वाचने तपासणे, सरासरी काढणे आणि संहती शोधणे

अनुमापनाचा प्रयोग प्रयोगशाळेत उरकला जातो, पण त्याची आकडेमोड बहुतेक वेळा नंतर, सावकाश केली जाते. आणि तेव्हा हाताशी असतो तो वहीतल्या तक्त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो. अशा वेळी फरकाच्या रकान्यातील सगळे आकडे एकत्र करून, त्यांना वाचनांच्या संख्येने भागून मोकळे होण्याचा मोह होतो. तसे केल्यास उत्तर येते, परंतु ते प्रयोगाचे उत्तर असेलच असे नाही. ब्युरेटच्या तक्त्याची एक सोय अशी की त्यातील आकडे एकमेकांचे साक्षीदार असतात. फोटोत एखादा अंक पुसट असला, किंवा वजाबाकी चुकलेली असली, तरी शेजारचे आकडे ती गोष्ट उघड करतात. म्हणून सरासरीच्या आधी तपासणी, आणि सरासरीच्या नंतर संहती, हा क्रम पुढे एका पूर्ण उदाहरणाच्या आधारे मांडला आहे.

फोटोत काय काय असायला हवे

उदाहरण नेहमीच्या प्रयोगाचे आहे: ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रमाण द्रावणाच्या साहाय्याने सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची संहती काढणे. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे त्याचे नेमके वजन करून ठरावीक संहतीचे द्रावण थेट बनवता येत नाही. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक मात्र विश्वासाने तोलता येतात. म्हणून आम्लाची संहती माहीत असते आणि अल्कलीची शोधावी लागते.

तक्ता कितीही स्वच्छ असला तरी केवळ त्यावरून संहती काढता येत नाही. ब्युरेटमध्ये कोणते द्रावण होते, पिपेटने शंकुपात्रात किती मिलिलीटर घेतले, प्रमाण द्रावणाची संहती किती होती आणि दर्शक कोणता वापरला, या चार गोष्टी तक्त्याच्या वर लिहिलेल्या असतात आणि फोटो काढताना नेमका तोच भाग कापला जातो. त्यामुळे शक्य असेल तर संपूर्ण पानाचा फोटो, पानाच्या बरोबर वरून, मोबाइलची सावली अंकांवर पडणार नाही अशा बेताने घ्यावा. आपल्या उदाहरणात वरच्या ओळी पुढीलप्रमाणे आहेत: ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, शंकुपात्रात पिपेटने घेतलेले १०.० मिलिलीटर ऑक्झॅलिक आम्ल, संहती ०.०५०० मोल प्रतिलीटर, दर्शक फिनॉल्फ्थॅलीन, अंतिम बिंदू रंगहीन ते फिकट गुलाबी.

फोटोवरून आकडे थेट गणितात न घेता तक्ता एकदा कागदावर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. उतरवताना आधी रकान्यांची शीर्षके वाचावीत, कारण काही वह्यांत अंतिम वाचनाचा रकाना आधी असतो आणि सुरुवातीचा नंतर. जो अंक नीट दिसत नाही तिथे अंदाजाने काही लिहू नये, प्रश्नचिन्ह टाकावे. आपल्या फोटोवरून उतरवलेला तक्ता असा आहे. सर्व आकडे मिलिलीटरमध्ये आहेत.

| क्रमांक | सुरुवातीचे वाचन | अंतिम वाचन | फरक |
|---|---|---|---|
| पायलट | ०.०० | १०.२० | १०.२० |
| १ | १०.२० | १९.८० | ९.६० |
| २ | १९.८० | २९.४५ | ९.७५ |
| ३ | २९.४५ | ३९.?० | ९.६५ |
| ४ | ०.०० | ९.९५ | ९.९५ |

तिसऱ्या ओळीतील प्रश्नचिन्हाच्या जागी फोटोत १ असावा किंवा ९ असावा. देवनागरीत घाईने लिहिलेले हे दोन अंक एकमेकांत सहज मिसळतात, आणि फोटो जरा हलला की पुसट रेघ कुणाची हे कळेनासे होते.

आकड्यांना एकमेकांकडून तपासून घेणे

ब्युरेटवर शून्य वरच्या टोकाला असते आणि आकडे खाली वाढत जातात. द्रावण खाली उतरते तसे वाचन वाढते, म्हणून अंतिम वाचन सुरुवातीच्या वाचनापेक्षा नेहमी मोठे असले पाहिजे. एखाद्या ओळीत तसे नसेल तर रकाने उलटे वाचले गेले आहेत किंवा अंक चुकला आहे. आपल्या तक्त्यात तशी अडचण नाही.

आता प्रत्येक ओळीतील वजाबाकी स्वतः करावी आणि लिहिलेल्या फरकाशी ताडून पाहावी. पहिल्या ओळीत १९.८० मधून १०.२० गेले की ९.६० उरतात, लिहिलेले जुळते. दुसऱ्या ओळीत २९.४५ मधून १९.८० गेले की ९.६५ उरतात, पण तक्त्यात ९.७५ लिहिले आहे. येथे थांबावे लागते, कारण चूक तीनपैकी कोणत्याही आकड्यात असू शकते: सुरुवातीचे वाचन चुकीचे उतरले असेल, अंतिम वाचन चुकीचे उतरले असेल, किंवा वजाबाकीच चुकली असेल.

निवाडा शेजारच्या ओळी करतात. ब्युरेट मध्ये भरलेली नसेल तर एका ओळीचे अंतिम वाचन हेच पुढच्या ओळीचे सुरुवातीचे वाचन असते. १९.८० हा आकडा पहिल्या ओळीच्या शेवटी आहे आणि दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीलाही आहे. २९.४५ हा दुसऱ्या ओळीच्या शेवटी आहे आणि तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीलाही आहे. दोन्ही वाचने अशी दोनदा नोंदलेली आहेत, तर ९.७५ हा आकडा एकदाच आला आहे आणि तो मोजलेला नसून काढलेला आहे. म्हणून चूक वजाबाकीत आहे आणि खरा फरक ९.६५ आहे, असे म्हणायला पुरेसा आधार मिळतो. या साखळीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. प्रयोग करणाऱ्याने ब्युरेटकडे पुन्हा न पाहता मागचा आकडाच पुढे उतरवला असेल, तर दोन जागी सारखा आकडा दिसल्याने अक्षर बरोबर वाचले गेल्याची खात्री होते; ब्युरेट बरोबर वाचली गेल्याची होत नाही.

तिसऱ्या ओळीत ही साखळी कामाला येत नाही, कारण त्यानंतर ब्युरेट पुन्हा भरली आहे आणि चौथी ओळ ०.०० पासून सुरू होते. पण येथे फरक स्पष्ट दिसतो. २९.४५ मध्ये ९.६५ मिळवले की ३९.१० येतात. पुसट अंक ९ मानला तर अंतिम वाचन ३९.९० होईल आणि फरक १०.४५ यायला हवा होता. म्हणजे लिहिणाऱ्याने बरोबर ०.८० ची चूक केली असे मानावे लागेल, आणि त्या चुकीनंतरचे उत्तर योगायोगाने दुसऱ्या ओळीच्या फरकाशी जुळले असेही. ते पटण्यासारखे नाही. अंक १ आहे. तरीही मूळ वही मिळण्यासारखी असेल तर ती पाहून घ्यावी.

आणखी एक बारीक खूण आहे. शाळेतल्या ब्युरेटवर सहसा ०.१ मिलिलीटरच्या रेघा असतात आणि दोन रेघांच्या मध्यापर्यंत, म्हणजे ०.०५ पर्यंत वाचन घेतले जाते. या तक्त्यातील प्रत्येक वाचनाचा शेवटचा अंक ० किंवा ५ आहे. अशा तक्त्यात एखाद्या ठिकाणी शेवटी ३ किंवा ८ दिसल्यासारखे वाटले, तर तो बहुधा नीट न उमटलेला ५ किंवा ० असतो. काही जण दोन रेघांमधले अंतर अधिक बारकाईने अंदाजतात. तेव्हा हा नियम लावण्यापूर्वी लिहिणाऱ्याची सवय बाकीच्या ओळींवरून पाहावी.

एक चूक मात्र या तपासणीतून निसटते. मोजपात्रावर खालून वर वाचायची सवय असलेला विद्यार्थी ब्युरेटही तशीच वाचतो, आणि २० च्या रेघेच्या दोन बारीक रेघा वर असलेली पातळी १९.८० ऐवजी २०.२० अशी नोंदवतो. ते वाचन पुढच्या ओळीतही तसेच जाते, वजाबाकीही बरोबर येते. तिची खूण एवढीच की एक फरक नेहमीपेक्षा जितका जास्त, तितकाच लगेच पुढचा फरक कमी येतो. असे जोडीने वरखाली झालेले दोन आकडे दिसले, तर दोन्ही ओळींच्या मधल्या वाचनाबद्दल शंका घ्यावी.

कोणती वाचने सरासरीत घ्यायची

तपासणीनंतर फरकाचा रकाना असा उरतो: पायलट १०.२०, नंतर ९.६०, ९.६५, ९.६५ आणि ९.९५.

पायलट वाचन सरासरीत कधीही घेत नाहीत. अंतिम बिंदू साधारण कुठे येणार याचा अंदाज घेण्यासाठीच ते असते. त्यात द्रावण भराभर सोडले जाते आणि अंतिम बिंदू थोडा ओलांडला जाणे अपेक्षितच असते. बाकीच्या वाचनांपैकी जी एकमेकांपासून ०.१ मिलिलीटरच्या आत आहेत ती जुळणारी वाचने समजतात. ९.६०, ९.६५ आणि ९.६५ यांतील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यांत ०.०५ चे अंतर आहे, म्हणून ही तिन्ही जुळतात. ९.९५ हे त्यांच्यापासून किमान ०.३० दूर आहे, म्हणून ते वगळावे लागते.

दुसऱ्या ओळीतील चुकीची वजाबाकी तशीच राहिली असती तर काय झाले असते, हे पाहण्यासारखे आहे. ९.६०, ९.७५ आणि ९.६५ यांत ०.१५ चे अंतर दिसले असते आणि तीन जुळणारी वाचने मिळालीच नाहीत असे वाटले असते. ब्युरेट भरून चौथे वाचन घेण्याचे कारणही बहुधा हेच असावे. म्हणजे एका वजाबाकीने एक चांगले वाचन संशयित ठरवले आणि एक अनावश्यक वाचन वाढवले.

वगळलेल्या आकड्याला केवळ तो वेगळा आहे म्हणून वगळले, असे असू नये. त्यामागचे कारण निदान संभवनीय असावे. ब्युरेटमधून पडणारा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलीटरचा असतो, म्हणजे ०.३० मिलिलीटर हे सुमारे सहा थेंब झाले. अंतिम बिंदूनंतर सहा थेंब जास्त पडले असतील तर शंकुपात्रातला रंग फिकट न राहता गडद गुलाबी झाला असणार, आणि तशी नोंद शेऱ्याच्या रकान्यात असेल तर प्रश्न मिटतो. दुसरी शक्यता अशी की ब्युरेट नुकतीच भरलेली असल्याने तोटीत हवेचा बुडबुडा राहिला होता. अनुमापन चालू असताना तो बाहेर पडला की त्याची जागा द्रावण घेते. ब्युरेटमधली पातळी तेवढी खाली जाते, पण ते द्रावण शंकुपात्रात पडलेलेच नसते. त्यामुळे फरक खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. ब्युरेटच्या तोंडावर नरसाळे विसरले असते तर त्यातून थेंब गळून पातळी वर राहिली असती आणि फरक कमी आला असता; म्हणजे येथे ते कारण लागू पडत नाही. फोटोवरून याहून जास्त ठरवता येत नाही, आणि ठरवण्याची गरजही नाही.

आता सरासरी:

(९.६० + ९.६५ + ९.६५) ÷ ३ = २८.९० ÷ ३ = ९.६३ मिलिलीटर

गणकयंत्रावर ९.६३३३३ असे दिसते, परंतु वाचनेच दोन दशांश स्थळांपर्यंत असल्याने सरासरीही तिथेच थांबवावी. काही प्रयोगवह्यांत सरासरीऐवजी स्थिर वाचन मागतात, म्हणजे जे वाचन पुन्हा तेच येते ते. आपल्या तक्त्यात ते ९.६५ आहे. पुढे दिसेल त्याप्रमाणे या निवडीने अंतिम उत्तर बदलत नाही. मात्र वहीत जी पद्धत सांगितली असेल तीच लिहावी. पाचही आकडे सरसकट घेतले असते, तर दुरुस्त वजाबाकीनंतरही सरासरी ९.८१ आली असती.

सरासरीपासून संहतीपर्यंत

गणिताचा कणा समीकरण आहे:

H₂C₂O₄ + 2NaOH → Na₂C₂O₄ + 2H₂O

ऑक्झॅलिक आम्लाचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो, म्हणून त्याच्या एका मोलला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन मोल लागतात. फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी होते तोपर्यंत दोन्ही हायड्रोजनचे उदासिनीकरण पूर्ण झालेले असते, त्यामुळे हे गुणोत्तर येथे निःशंकपणे वापरता येते.

सूत्रात थेट आकडे टाकण्यापेक्षा मोलच्या वाटेने जाणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण प्रत्येक पायरीला अर्थ असतो आणि चूक कुठे झाली ते दिसते. आधी शंकुपात्रात आम्लाचे किती मोल होते ते काढू. संहती प्रतिलीटर आहे, म्हणून १०.० मिलिलीटरचे ०.०१०० लीटर करावे लागतात:

०.०५०० × ०.०१०० = ०.०००५०० मोल ऑक्झॅलिक आम्ल

त्याला लागलेले सोडियम हायड्रॉक्साइड याच्या दुप्पट:

२ × ०.०००५०० = ०.००१०० मोल

हे मोल ब्युरेटमधून गेलेल्या ९.६३ मिलिलीटरमध्ये, म्हणजे ०.००९६३ लीटरमध्ये होते. म्हणून संहती:

०.००१०० ÷ ०.००९६३ = ०.१०३८ मोल प्रतिलीटर

तीन सार्थ अंकांत हे उत्तर ०.१०४ मोल प्रतिलीटर. ग्रॅम प्रतिलीटरमध्ये हवे असेल तर सोडियम हायड्रॉक्साइडच्या मोलर वस्तुमानाने, म्हणजे ४०.० ने गुणावे. न पूर्णांकित केलेल्या ०.१०३८ ला गुणले की ४.१५ ग्रॅम प्रतिलीटर येतात. आधीच ०.१०४ करून गुणले तर ४.१६ येतात. फरक क्षुल्लक आहे, पण अंक शेवटच्या पायरीवरच पूर्णांकित करण्याची रीत यासाठीच आहे.

सर्वाधिक उत्तरे चुकतात ती दुपटीच्या पायरीवर. M₁V₁ = M₂V₂ हे सूत्र एकास एक प्रमाणात अभिक्रिया होते तिथेच तसेच्या तसे चालते. येथे ते वापरले तर संहती ०.०५१९ येते, म्हणजे बरोबर निम्मी. सूत्रच वापरायचे असेल तर ते M₁V₁/n₁ = M₂V₂/n₂ असे घ्यावे आणि n च्या जागी समीकरणातील गुणक लिहावेत, आम्लासाठी १ आणि अल्कलीसाठी २. प्रमाण द्रावणाच्या बाटलीवर ०.१ N असे लिहिलेले असेल तर ती नॉर्मलता आहे आणि दुप्पट तिच्यात आधीच धरलेली आहे; तिथे N₁V₁ = N₂V₂ चालते आणि पुन्हा दोनाने गुणले तर उत्तर दुप्पट होते. म्हणून फोटोत आकड्यापुढचे अक्षर M आहे की N, हे आकड्याइतक्याच काळजीने वाचावे.

प्रमाण द्रावणाची संहती न देता केवळ वजन दिलेले असेल, उदाहरणार्थ २५० मिलिलीटरमध्ये १.५७६ ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल, तर ती आधी काढावी लागते. प्रयोगशाळेतले स्फटिक H₂C₂O₄·2H₂O असतात आणि त्यांचे मोलर वस्तुमान १२६.०७ असते, त्यावरून ०.०१२५० मोल, आणि प्रतिलीटर त्याच्या चौपट म्हणजे ०.०५०० येते. स्फटिकजल विसरून ९०.०३ ने भागले तर आम्लाची संहती ०.०७०० येते आणि त्यामागोमाग सोडियम हायड्रॉक्साइडची ०.१४५. वाचने उत्तम जुळत असताना उत्तर अपेक्षेपेक्षा दीडपटीच्या आसपास गेले, तर पहिली नजर येथे टाकावी.

उत्तरावर किती भरवसा ठेवायचा

प्रत्येक फरक दोन वाचनांतून येतो आणि प्रत्येक वाचनात ०.०५ मिलिलीटर इकडेतिकडे होऊ शकते. दोन्ही चुका एकाच बाजूला पडल्या तर फरकात ०.१० पर्यंत चूक संभवते, म्हणजे ९.६३ च्या जागी ९.५३ किंवा ९.७३. त्यानुसार संहती ०.१०५ ते ०.१०३ या पट्ट्यात फिरते. म्हणजे ०.१०४ मधला तिसरा अंकच थोडा अनिश्चित आहे, त्यापुढे ०.१०३८४२ असे लिहिल्यास जे मोजलेच नाही ते मोजल्याचा आव आणल्यासारखे होते. ९.६५ हे स्थिर वाचन घेतले तरी ०.१०३६, म्हणजे ०.१०४ च येते. सगळे आकडे सरसकट घेऊन आलेल्या ९.८१ वरून मात्र ०.१०२ येते, आणि हा फरक त्या पट्ट्याच्या बाहेर जातो.

वाचने जुळली म्हणजे ती खरी आहेत असे मात्र होत नाही. शंकुपात्र पाण्याऐवजी ऑक्झॅलिक आम्लानेच विसळले असेल, तर प्रत्येक वेळी थोडे जास्त आम्ल आत राहते आणि सगळे फरक सारखेच वाढतात. ब्युरेट पाण्याने धुऊन सोडियम हायड्रॉक्साइडने न विसळता भरली असेल, तर द्रावण किंचित विरळ होते, फरक वाढतो आणि संहती कमी येते. गुलाबी छटा अर्ध्या मिनिटाने गेली म्हणून दर वेळी आणखी थेंब टाकत राहिले तरी असाच परिणाम होतो. ती छटा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे फिकट होत जाते, आणि ढवळल्यावर सुमारे ३० सेकंद टिकली की अंतिम बिंदू आला असे धरायचे असते. या तिन्ही चुका तक्त्यात दिसत नाहीत, म्हणून उत्तर अपेक्षित आकड्यापासून दूर गेले तर प्रयोग करणाऱ्याला या तीन गोष्टी विचाराव्या लागतात.

वहीत नोंद कशी करावी

दुसऱ्या ओळीतील ९.७५ खोडरबरने पुसू नये किंवा त्यावर गिरवू नये. त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी ९.६५ लिहावे, म्हणजे मूळ आकडा वाचता येतो आणि दुरुस्तीही दिसते. तिसऱ्या ओळीतील ३९.१० सुवाच्य करावे. चौथी ओळ काढून टाकू नये; तिच्यासमोर ‘जुळत नसल्याने सरासरीत घेतले नाही’ असा शेरा लिहावा, आणि गडद रंगाची किंवा बुडबुड्याची नोंद असेल तर तीही लिहावी. सरासरीच्या ओळीत कोणती तीन वाचने घेतली ते आकड्यांसह दाखवावे. त्याखाली समीकरण, मोलच्या पायऱ्या आणि शेवटी एककासह उत्तर: सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची संहती ०.१०४ मोल प्रतिलीटर, म्हणजेच ४.१५ ग्रॅम प्रतिलीटर.